दोरा सरळ नव्हता

भावकीत कुणी गेलं की पहिला फोन मला येतो. रडायला माणसं पुष्कळ असतात, धावपळ करणारं एकच लागतं, आणि ते मी. बांबू कुणाच्या बेटातले सरळ निघतात, मडकं कुठल्या कुंभाराकडं तयार असतं, स्मशानात पाण्याचा टँकर कोण वेळेवर आणतो, सगळं मला तोंडपाठ. कुरकुंभच्या कंपनीत मी डिस्पॅचला आहे. रोज दोन-तीन ट्रक केमिकल सुखरूप बाहेर काढणाऱ्या माणसाला एक म्हातारा घराबाहेर काढायला कितीसा त्रास? हे मी नागपंचमीच्या सकाळी माझ्या बायकोला, नीलमला, याच शब्दांत बोललो. ती म्हणाली, अहो, जरा हळू बोला, काकू आत बसल्यात.

त्या पहाटे आमचे कोंडिबाआप्पा गेले होते. आप्पा म्हणजे माझे सख्खे चुलते. नव्वदीला टेकलेले, गळ्यात तुळशीची माळ, झोपेतच गेले. कासुर्डीत आमची दोन घरं एकाच अंगणात, त्यामुळं कस्तुराकाकूची हाक ऐकून पहिला मीच पोचलो. अडचण एकच होती. आप्पांचा एकुलता एक मुलगा पृथ्वीराज कॅनडात. त्याला फोन केला तेव्हा तो नुसता "थांबा" म्हणाला. "मी निघालो. मी येईपर्यंत थांबा. मला तोंड बघू द्या." विमान मुंबईला रात्री उतरणार, आणि तो घरी पोचणार दुसऱ्या दिवशी सकाळी.

मी म्हणालो, "तू काळजीच करू नकोस. मी आहे."

दौंडहून शवपेटी मागवली. तीच ती, वर काच आणि खाली फ्रीजसारखी मशीन असलेली. पेटीवाल्यानं विचारलं, जनरेटरची सोय हाय का? त्या दिवशी तालुक्यातले जनरेटर सगळे गच्चीगच्चीवर डीजे वाजवत होते. आमच्याकडं पतंगाचा सण म्हणजे नागपंचमी, संक्रांत नव्हे. मी म्हणालो, जनरेटर कशाला? आमच्या फिडरची लाईट आता जात नाही. हे वाक्य नीलमनंही ऐकलं, काकूनंही ऐकलं, आणि आमच्या भावकीतल्या जयसिंगतात्यांनी तर दोनदा ऐकलं, कारण त्यांना कमी ऐकू येतं म्हणून मी ते परत मोठ्यानं सांगितलं.

पेटी ओटीवर मांडली, आप्पांना आत ठेवलं, मशीन घुर्रर्र करून सुरू झाली. काचेवर दव धरलं. काकू पेटीशेजारी बसली आणि मधूनमधून पदरानं काच पुसत राहिली, आप्पांचं तोंड दिसावं म्हणून.

आता माझ्या मुलाचं सांगतो. सम्राट. दहावीत आहे. आप्पांचा आणि त्याचा जीव पतंगात अडकलेला. आप्पांना शेवटी शेवटी दिसायचं कमी झालं होतं. गायरानात खुर्ची टाकून बसायचे आणि पतंग दिसत नाही म्हणून पोराला विचारायचे, किती वर गेला रं? पोरगं म्हणायचं, लई वर. आप्पांना ते पटायचं नाही. म्हणायचे, लई म्हंजी किती? कडुलिंबाएवढा का पाण्याच्या टाकीएवढा?

मग सम्राटनं एक उद्योग केला. चकरीवरच्या सगळ्या दोऱ्याला दर दहा मीटरवर शाईची खूण केली. चकरीचे फेरे मोजून चालत नाही म्हणे, कारण दोरा सुटत गेला की चकरीवरचा गुंडा बारीक होतो आणि एका फेऱ्यात पहिल्यापेक्षा कमी दोरा जातो. खुणा मोजल्या की चूक नाही. मग कंपासपेटीतल्या कोनमापकाला मध्यावर दोरी बांधून खाली एक नट लोंबकळत ठेवला. कोनमापकाची सरळ कड डोळ्याला लावून पतंगाकडं नेम धरायचा. नट काही हलत नाही, तो सरळ जमिनीकडंच बघतो. दोरी नव्वदाच्या खुणेवरून जितकी सरकली, तितके अंश पतंग वर. मग हिशोब असा, की दोरा म्हणजे त्रिकोणाची तिरकी बाजू, पतंगाची उंची म्हणजे उभी बाजू. तीस अंशाला उंची दोऱ्याच्या बरोबर निम्मी. शंभर मीटर दोरा सोडला तर पतंग पन्नास मीटरवर. दुसरा कुठला कोन असला तर पुस्तकातला साइनचा तक्ता बघायचा आणि त्या आकड्यानं दोऱ्याला गुणायचं. शेवटी आपला हात जमिनीपासून जितका वर, तितकं मिळवायचं.

तेव्हापासून आप्पांना आकडा मिळू लागला. आणि मला सांगायला एक विषय मिळाला. कंपनीच्या बसमधे मी हे कोनमापकाचं सगळ्यांना ऐकवलेलं आहे. काहींना दोनदा.

तर त्या सकाळी घर माणसांनी भरलं. सम्राट कोपऱ्यात बसून होता, रडत नव्हता, जेवत नव्हता. काकूच त्याला म्हणाली, "जा बाबा, आप्पाचा पतंग उडवून ये. आज पंचमी हाय. घरात बसून काय व्हणार हाय."

तो गेला. नीलमला ते आवडलं नाही, पण काकूच्या शब्दापुढं ती बोलली नाही.

बाहेर भुरभुर चालू होती. पाऊस म्हणण्यासारखी नाही, पण दोरा, कपडे, सगळं ओलसर होण्यासारखी. वारा पश्चिमेकडून चांगला होता. दीड-दोन तास गेले असतील. मी अंगणात माणसांना खुर्च्या मांडून देत होतो आणि एकदम ओटीवर शांत झालं. आधी मला कळेना शांत काय झालं. मग काकू म्हणाली, "इंदर, ही बंद पडली का रं?"

लाईट गेली होती.

मी म्हणालो, येईल पाच मिनिटांत. ती आली, आणि लगेच गेली. परत आली, परत गेली. तिसऱ्यांदा मग आलीच नाही. सबस्टेशनला फोन केला तर ते म्हणाले फिडर टिकत नाही, लाइनीवर कुठंतरी दोष आहे, वायरमनला पाठवलाय, तो शोधेल. फिडर म्हणजे सबस्टेशनवरून सगळ्या गावाला येणारी लाइन, पण ती काही एकच सरळ लाइन नव्हे. महामार्गापासून पार कालव्यापलीकडं वस्त्यावस्त्यांना फाटे फुटलेले, आणि निम्म्या तारा उभ्या उसातून गेलेल्या. त्यातला एक फुटका खांब शोधायचा.

वायरमन म्हणजे आमचे बदूमामा, बद्रुद्दीन. गावातलेच, आमच्या मागच्या गल्लीतले, आप्पांच्या पाया पडणारे. ते मोटरसायकलवरून आले तोच सम्राट हातात चकरी घेऊन अंगणात शिरत होता. चकरी होती, पतंग नव्हता.

बदूमामांनी गाडी बंद केली. आधी ओटीवर जाऊन आप्पांना हात जोडले. मग बाहेर येऊन पोराला विचारलं, पतंग कुठं गेला? सम्राट म्हणाला, दोरा तुटला. कुठं उडवत होतास? शाळेमागच्या गायरानात. बदूमामा माझ्याकडं वळले. गायरानाच्या पूर्वेला आमचा ऊस, आणि उसातून अकरा हजार व्होल्टची लाइन जाते. मामा म्हणाले, "इंदरभाऊ, वारा पश्चिमेचा हाय. पतंग लाइनीवरून पलीकडं गेला असणार. म्या आधी तिथंच बघतो."

आता बघा, अंगणात पन्नास माणसं. ओटीवर चुलते बंद पेटीत. आणि सगळ्यांच्या देखत माझ्या पोरानं लाईट घालवली असं कुणी म्हणतंय. मी पुढं झालो.

"मामा, उगं पोरावर घेऊ नका. आपण हिशोब करू. सम्राट, किती दोरा सोडला होतास?"

"एकशेवीस मीटर."

"कोन किती?"

"चाळीस मोजला होता. पण पप्पा, नंतर वारा..."

"थांब. जेवढं विचारलं तेवढं सांग."

मी काठी घेतली आणि चिखलात त्रिकोण काढला. माणसं भोवती गोळा झाली. मी पोराच्या तोंडून इतक्यांदा ऐकलेलं होतं की मला ते येतच होतं. एकशेवीस मीटर दोरा, चाळीस अंश, म्हणजे पतंग सत्त्याहत्तर मीटर वर आणि जमिनीवरून ब्याण्णव मीटर लांब. लाइन पोराच्या पायापासून किती? सम्राट म्हणाला, छत्तीस मीटर. त्यानं ते कधीतरी पावलांनी मोजून ठेवलं होतं. मी तिथं एक उभी रेघ मारली. ब्याण्णवला सत्त्याहत्तर, तर छत्तीसला किती? तीस! दोरा तारेच्या जागी तीस मीटर उंचावर. आणि तार किती उंचावर?

"नऊ," बदूमामा म्हणाले.

"मग? मधे सहा मजली इमारत बसंल."

जयसिंगतात्यांनी काय झालं विचारलं, त्यांना मी परत मोठ्यानं सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. बदूमामांनी त्रिकोणाकडं बघितलं, डोकं खाजवलं, म्हणाले, हिशोब तर बरोबर दिसतोय. कालव्याकडं मागल्या आठवड्यात फांद्या पडल्या होत्या, तिकडून सुरू करतो. आणि त्यांनी मोटरसायकलीला किक मारली आणि गेले, दोष जिथं होता त्याच्या बरोबर उलट्या दिशेला.

मग बर्फ आणायचं ठरलं. मीच ठरवलं. बर्फाचा कारखाना पंचमीसाठी बंद. मी महामार्गावर दोन ठिकाणी हिंडलो आणि शेवटी एका टेम्पोवाल्याकडं बर्फ मिळाला. चार खोकी, गच्च भरलेली. घरी आणून पेटीत आप्पांच्या दोन्ही बाजूंना लावला, काच बंद केली. थोड्या वेळानं बर्फ पाझरू लागला आणि ओटीवर वास पसरला. माणसं एकमेकांकडं बघायला लागली. बायकांनी नाकाला पदर लावले. वास आप्पांचा नव्हता. वास बोंबलांचा होता. तो टेम्पो मासळीचा होता, आणि घाईत मी बर्फ हुंगला नव्हता.

आप्पांनी आयुष्यात घरात अंडं येऊ दिलं नव्हतं.

काकू उठली.  तिनं आतून उदबत्तीचा पुडा आणला, सगळ्याच्या सगळ्या उदबत्त्या लावल्या, आणि परत काच पुसायला बसली. काचेवर आता दव नव्हतं, पुसण्यासारखं काही नव्हतं, तरी पुसत होती.

त्याच वेळी सम्राटनं मला मागच्या दारी बोलावलं. त्याचं तोंड पांढरं पडलेलं. चकरी त्याच्या काखेत होती आणि उजवा हात खिशात.

"पप्पा, गणित चुकलंय."

"कुठलं?"

"तुमचं. म्हंजी माझंच. चाळीस अंश मी सुरवातीला मोजला होता, वारा होता तवा. शेवटी वारा पडला. पतंग खाली आला, पंचवीस अंशावर. आन् दोरा सरळ नव्हता."

मी म्हणालो, सरळ नव्हता म्हणजे काय? दोरा ताणलेला असतो. तो म्हणाला, ताणलेला कधीच नसतो, त्याचं वजन असतं, आज तर तो ओला होता. मग त्यानं दारामागं वाळत घालायची जी दोरी आहे तिचं एक टोक खुंटीवरून सोडवलं आणि माझ्या हातात दिलं. म्हणाला, ओढून धरा. मी धरली. आता एक वीतभर पुढं या. मी आलो. दोरी मधे हातभर खाली लोंबली.

"बघा. वीतभरच जास्त हाय, पण झोळ केवढा पडला."

त्याचं म्हणणं मी आता नीट सांगतो, कारण त्यानंतर मी ते पुष्कळदा मनाशी घोळवलंय. दोऱ्याला झोळ पडला की कोन दोन होतात. एक कोन डोळ्यानं थेट पतंगाकडं बघितल्याचा, तो शेवटी पंचवीस होता. दुसरा कोन दोरा हातातून ज्या दिशेनं निघतो त्याचा. तो शेवटी जेमतेम पाच, म्हणजे दोरा हातातून जवळजवळ आडवा निघत होता आणि लांब जाऊन वर वळत होता. डोळ्याचा कोन धरून हिशोब केला तर उत्तर जास्त येतं, एक्कावन्न मीटर. हाताचा कोन धरला तर कमी येतं, दहा मीटर. खरी उंची या दोहोंच्या मधे. त्यानं वहीत वाक काढून बघितला होता, पतंग पन्नासावर होता. म्हणजे पतंगाची उंची सांगताना एखाद्याच मीटरची चूक. आप्पांना सांगितलेले आकडे काही फार खोटे नव्हते.

"पण मधला दोरा कुठून जातो ते पार चुकतं, पप्पा. हातापासून पतंगापर्यंत सरळ अंतर एकशेअठरा. दोरा एकशेवीस. दोनच मीटर जास्त. तेवढ्याला मधे दहा मीटरचा झोळ पडतो. छत्तीस मीटरवर सरळ रेघ धरली तर दोरा अठरा मीटरवर असता. झोळ धरला तर नऊवर."

"नऊ," मी म्हणालो.

"तार नऊवर हाय."

मग त्यानं चकरी दाखवली. सोडलेल्यातला जो दोरा परत आला त्यावर तीन खुणा आणि वर थोडा, सदतीस मीटर, म्हणजे हातापासून तारेपर्यंतचाच. टोकाला पिंजलेला धागा नव्हता. टोक जळून काळं पडलं होतं. दोरा सुती होता, आप्पा नायलॉनच्या मांजाला हात लावू द्यायचे नाहीत. सुती दोरा नुसता तुटला तर पिंजतो, काळा पडत नाही.

मला सगळं समजलं. कुणालाही समजलं असतं. मी दारातून अंगणात बघितलं. चिखलात माझा त्रिकोण होता, भोवती खुर्च्या होत्या, आणि तात्या एका पाहुण्याला काठीनं तो समजावून सांगत होते.

मी सम्राटला म्हणालो, "हे आता कुणाला बोलू नको. बदूमामा शोधतीलच. लाइन बघत बघत येतील इकडं."

"त्यांना संध्याकाळ होईल."

"होऊ दे. लोकं काय म्हणतील तुला कळतंय का?"

त्यानं चकरी परत काखेत मारली. मग म्हणाला, "आप्पा गरम व्हायला लागलेत, पप्पा." आणि सायकल काढून गेला. मी हाक मारली नाही. हाक मारली असती तर लोकांनी विचारलं असतं, कुठं चाललाय.

पुढचं मला बदूमामांनी सांगितलं. कालव्याच्या पलीकडं ते एका खांबाखाली उभे होते, रेंज नव्हती, आणि पोरगं चिखलानं माखून सायकल ढकलत आलं. त्यानं सांगितलं ते त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. त्रिकोणाचं त्यांना अर्धंच कळलं, पण जळकं टोक त्यांनी हातात घेऊन बघितलं आणि पोराला गाडीवर मागं बसवलं. रेंजमधे आल्यावर सबस्टेशनला फोन करून लाइन बंद ठेवायला लावली, मदतनीसाला बोलावून घेतलं, आणि आमच्या उसात शिरले. सम्राट जिथं उभा होता तिथून सरळ पूर्वेला. पहिलाच खांब. वरचा चिनीमातीचा इन्सुलेटर फुटून तार लोखंडी आडव्या दांड्यावर टेकली होती. आधीच तडकलेला असावा. ओला दोरा तारेवरून दांड्यावर पडला, ठिणगी झाली, आणि इन्सुलेटर उडाला. रस्त्यावरून उसाच्या आडून दिसण्यासारखं नव्हतं. जवळ जाऊन मान वर केली की लगेच दिसत होतं.

सामान आणून, शिडी लावून, नवा बसवायला वेळ लागलाच.

इकडं ओटीवर जयसिंगतात्यांनी विषय काढला. पहाटेचं मयत आहे, श्रावणाची दमट हवा आहे, लाईटीचा पत्ता नाही, बर्फाचं पाणी झालं. दिवस मावळायच्या आत न्यावं. पृथ्वीराजला विचारायची सोय नव्हती, तो आभाळात होता. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, कारण व्यवस्था माझी. लाईट येण्याची वाट बघण्यासारखी आहे हे त्या पन्नास माणसांत मला एकट्याला माहीत होतं, आणि का ते सांगितल्याशिवाय ते सांगता येत नव्हतं. मी काकूला विचारलं, काय करायचं?

काकूनं काचेवरून हात फिरवला. म्हणाली, "ह्यांचं तोंड बघण्यासारखं ऱ्हाईल तवर ठिवायचं व्हतं. आता न्या."

आम्ही नेलं. अग्नी मी दिला, मुलाच्या जागी पुतण्या. चितेनं नीट पेट घेतलेला, धूर गायरानावरून पूर्वेला चाललेला, आणि गावातल्या मंदिरावरचा भोंगा एकदम बोलायला लागला. बंद पडला होता तिथूनच, अर्ध्या अभंगापासून. लाईट आली होती.

स्मशानातून परतताना बदूमामा रस्त्यात भेटले. अंगावर उसाची कुसळं, हातात खांबावर चढताना बांधायचा पट्टा. त्यांनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं, आता हे बोलणार. बोललेही, पण वेगळंच.

"पोराचा हात बघितला का?"

"कसला हात?"

"दोरा वला होता, इंदरभाऊ. अकरा हजाराची तार. एक टोक तिच्यावर आन् दुसरं ह्याच्या बोटाला. दोरा जळून तुटला म्हणून. आणखी जरा भिजलेला असता तर तुमी आज परत तिकडंच गेला असता, आन् दुसरं ओझं घिऊन."

मी घरी धावलो. सम्राट मागच्या दारी पायरीवर बसला होता. खिशातला हात मी ओढून काढला. पहिल्या बोटावर आडवी, करपलेली रेघ होती, जिथं दोरा धरला होता तिथं. मुंग्या आल्या होत्या म्हणाला, कोपरापर्यंत. मी का नाही सांगितलंस म्हणून ओरडलो. तो म्हणाला, सांगत होतो तवा तुम्ही थांब म्हणाला.

यवतच्या डॉक्टरांनी छातीला वायरी लावून ईसीजी काढला, बोटाला मलम लावून पट्टी बांधली, रात्रभर ठेवून घेतलं. छाती ठीक होती. नीलम त्याच्या उशाशी बसून राहिली.  

सकाळी आम्ही परत आलो आणि पाठोपाठ पृथ्वीराजची गाडी आली. रस्त्यात फोनवर त्याला कळलेलं होतं. तो चपला काढून सरळ ओटीवर गेला. पेटी अजून तिथंच होती, पेटीवाला न्यायला यायचा होता. लाईट आल्यावर ती आपली आपण सुरू झाली होती, आणि गडबडीत बंद करायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. रात्रभर रिकामीच चालली होती. काच दवानं पांढरी झालेली. पृथ्वीराजनं काच पुसली, आत बघितलं, मग झाकण उचलून तळावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच बसला. मशीन घुरघुरत होती. मी जाऊन बटण बंद करणार होतो, पण केलं नाही.

मग तो काकूपाशी येऊन बसला. हळूहळू त्यानं विचारलं, झालं कसं.  सम्राटच पुढं आला. पट्टी बांधलेला हात पोटाशी धरून त्यानं पहिल्यापासून सगळं सांगितलं. पतंग, भुरभुर, एकशेवीस मीटर, पडलेला वारा, झोळ, जळलेलं टोक, बदूमामांना गाठायला कालव्यापर्यंत नेलेली सायकल. काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही. पृथ्वीराज इंजिनिअर माणूस. त्यानं मधे एकदाच विचारलं, दोन कोन मोजले होतेस का. सम्राट म्हणाला, एकच मोजला, दुसरा आठवून धरला.

 पृथ्वीराजनं पोराला जवळ ओढलं आणि पट्टीवर आपला हात ठेवला. म्हणाला, "दोष शाळेमागंच होता, तर वायरमन दुपारभर कालव्यावर काय करत होता? त्याला तिकडं पाठवला कुणी?"

ओटीवर आम्ही आठ-दहा जण होतो. तात्या होते. नीलम दारात होती. बदूमामा पायरीवर होते. अंगणात खुर्च्यांमधे चिखल वाळला होता, आणि त्यावर त्रिकोण अगदी स्पष्ट दिसत होता.

सम्राटनं माझ्याकडं बघितलं. मग पृथ्वीराजकडं.

"मीच," तो म्हणाला. "गणित माझं व्हतं."

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं, नीलमनं बघितलंय. पण त्याच वेळी बदूमामांच्या घरून खातूनचाचीनं चहाची किटली पाठवली. आमच्या घरात चूल पेटायची नव्हती ना. काकूनं पहिला कप भरून माझ्यापुढं धरला. म्हणाली, इंदर, तू कालपासून लई धावपळ केलीस, घे.

मी घेतला.